‘हबीबी’ कुणाला म्हणायचं?

रमजानला दोन-तीन आठवडे उरले होते. कोकणातल्या एका ओळखीच्या घरी आम्ही बसलो होतो. घरचा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला होता. असरची वेळ झाली म्हणून तो वजू करायला मागच्या पडवीत गेला आणि चहाच्या कपांशेजारी पडलेला त्याचा फोन उजळला. पडद्यावर दोनच शब्द होते: Shukran habibi. पाठवणाऱ्याचं नाव अरबी अक्षरांत होतं. कप उचलायला आलेल्या सुनेने ते वाचलं, कप तसेच ठेवले आणि ती आत निघून गेली.

सासूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. मुलगा टोपी नीट करत परत आला, तसा त्यांनी आमच्यादेखतच सवाल टाकला, “ही हबीबी कोण रे?”

“कोण म्हणजे? तो मला म्हणतोय.”

“तुला? तू काय बाई आहेस?”

मुलगा हसला. आम्हीही हसलो. आत मात्र कुणी हसत नव्हतं. दारामागे उभी असलेली ती मुलगी दोन वर्षांतून एकदा नवऱ्याला पाहत होती. एका शब्दाने तिची ती संध्याकाळ आणि बहुधा पुढचे कित्येक दिवस नासले असते. त्या दिवशी प्रकरण तिथेच मिटलं. ते कसं मिटलं, ते पुढे सांगतो. पण सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. काकी, मामी, चाची, भाभी, नानी, दादी, सगळ्या ‘ई’वर संपतात आणि सगळ्या बायकाच असतात. मराठीत आणि उर्दूत लहानाचा मोठा झालेला कान ‘हबीबी’ ऐकतो आणि त्याला बाईच दिसते. अरबीत ही ‘ई’ बाईची नसते, हे आमच्या घरांतून कुणी सांगतच नाही. आखातात जाणाऱ्यांची तिसरी-चौथी पिढी सुरू आहे, घरोघरी नाजरा शिकलेल्या मुली आहेत, तरीही.

मूळ शब्द ‘हबीब’. अर्थ ज्याच्यावर प्रेम केलं जातं तो, लाडका, प्रिय. आमच्या बोलण्यातला ‘महबूब’ आणि ‘मुहब्बत’ हे याच कुटुंबातले. हबीबच्या शेवटी लागलेली ‘ई’ म्हणजे ‘माझा’. हबीबी म्हणजे माझा प्रिय. ही ‘ई’ आम्ही दिवसातून कितीतरी वेळा तोंडाने म्हणतो. रुकू आणि सजद्यातली तस्बीह आठवा. तिथे ‘रब्बी’ आहे. रब्ब म्हणजे पालनकर्ता, रब्बी म्हणजे माझा पालनकर्ता. तिथे ‘ई’ ऐकून कुणाच्या मनात स्त्रीलिंग येत नाही, कारण तो शब्द आम्ही नमाजेत शिकलो. हबीबी मात्र आम्ही रील पाहून शिकलो.

मराठीत ‘माझा भाऊ, माझी बहीण, माझं मूल’ असं ‘माझा’च बदलत जातं. अरबीत उलट आहे. ‘माझा’ची ती ‘ई’ सगळ्यांना एकच. बदलतो तो तिच्या आधीचा शब्द.

बाईला म्हणायचं तर आधी ‘हबीब’चं ‘हबीबा’ होतं. हे नाव आमच्याकडे अनोळखी नाही. प्रेषितांच्या (सल्ल.) पत्नी उम्मे हबीबा (रजि.) यांचं मूळ नाव रमला. हबीबा नावाच्या मुलीमुळे त्या ‘हबीबाची आई’ म्हणून ओळखल्या गेल्या. आता या हबीबाला ‘माझी’ची ‘ई’ जोडा. ‘हबीबाई’ होत नाही. होतं ‘हबीबती’.

मधे हा ‘त’ कुठून आला? ज्यांनी मौलवीसाहेबांसमोर बसून कुरआन वाचलं आहे, त्यांना याचं उत्तर आधीच माहीत आहे, फक्त ते इथे वापरता येतं हे ठाऊक नाही. हबीबा, फातिमा, आयेशा, खदीजा या नावांच्या शेवटी अरबीत गोल ‘ते’ असते, वर दोन नुक्ते असलेली. थांबलं की तिचा ‘ह’ होतो आणि पुढे वाचत गेलं की ‘त’ ऐकू येतो. आयतीच्या शेवटी थांबताना ‘रहमह’ आणि न थांबता जाताना ‘रहमत’, हे दहा वर्षांची मुलगीही करून दाखवते. हबीबा एकटी असेल तेव्हा ‘त’ झोपलेला असतो. मागे काही जोडलं की जागा होतो. ‘उम्मती’ हा शब्द आठवला तर सगळंच सोपं होईल. उम्मतच्या शेवटीही हीच गोल ‘ते’, आणि उम्मती म्हणजे माझी उम्मत. उम्मती जसं, तसंच हबीबती.

हे झालं किताबी अरबी. बाजारात, घरात आणि फोनवर अरब लोक मधला छोटा स्वर गिळतात आणि ‘हबिब्ती’ म्हणतात. कैरो असो, बैरूत असो की कुवेत, बोलण्यात हेच ऐकू येईल. म्हणून कुणाला ‘हबीबती’ म्हटलं तर ती समजेल, पण तिला ते थोडं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटेल.

अनेकांना म्हणायचं तर आणखी एक वळण आहे. ‘अहबाब’ हा शब्द आमच्या लग्नपत्रिकांत असतो, ‘दोस्त-अहबाब’ असं आपण सहज म्हणतो. तो हबीबचंच अनेकवचन. त्याला ‘ई’ लावली की अहबाबी, माझे प्रियजन. किताबी भाषेत ‘अहिब्बाई’ असंही रूप आहे आणि भाषणाच्या सुरुवातीला किंवा पत्राच्या मायन्यात ते आढळतं. पण चार मित्र दारात आले आणि यजमानाने हात पसरून स्वागत केलं, तर तो यातलं काहीच म्हणणार नाही. तो म्हणेल ‘हबायबी’. बोलीत अनेकांसाठी हाच शब्द चालतो. पुरुष असोत, बायका असोत, मिसळलेले असोत, हबायबी. दोघांसाठी अरबी व्याकरणात वेगळं द्विवचन आहे, पण हाक मारताना ते कुणी वापरत नाही. दोन झाले की अनेक झाले.

फक्त बायकाच असतील तर किताबी रूप आहे ‘हबीबाती’. इथे जरा सावकाश वाचा. हबीबती म्हणजे माझी प्रिय, एकटी. हबीबाती म्हणजे माझ्या प्रिय, अनेकजणी. फरक फक्त ‘ब’वरच्या एका कान्याचा. देवनागरीत तो डोळ्यांना दिसतो. इंग्रजी अक्षरांत दोन्ही habibati असेच लिहिले जातात आणि गोंधळ होतो. नवऱ्याने बायकोला पत्र लिहिताना हा कानाच चुकवला, तर त्याची जबाबदारी त्याने घ्यावी.

इंग्रजी अक्षरांवरून आठवलं. दुबईतल्या चुलत भावाकडून 7abibi असा निरोप आला तर तो बोट चुकल्याचा प्रकार नाही. अरबीत ‘ह’ दोन आहेत. ‘अल्लाह’च्या शेवटचा हलका, आणि ‘रहमान’मधला घशातून येणारा. हबीबीचा ‘ह’ हा रहमानचा. इंग्रजीत त्यासाठी अक्षर नाही, म्हणून फोनवर टाइप करणाऱ्या अरब पोरांनी त्या अक्षरासारखा दिसणारा सातचा आकडा घेतला. मराठीतही दोन्ही ‘ह’ना एकच अक्षर आहे. तेव्हा तज्वीद शिकलेल्या मुलीने घरातल्यांना हा शब्द म्हणून दाखवला तर ऐकावा.

आता एक गोष्ट जी सगळ्यात जास्त चुकते. शब्दाचं रूप बोलणाऱ्यावरून ठरत नाही, ज्याला हाक मारली त्याच्यावरून ठरतं. आई मुलाला म्हणते हबीबी. बाप मुलीला म्हणतो हबिब्ती. बायको नवऱ्याला म्हणते हबीबी. दोन मैत्रिणी एकमेकींना म्हणतात हबिब्ती. ‘मी बाई आहे, म्हणून मी हबिब्ती म्हणायचं’ असं समजून आखातात नव्याने गेलेल्या मुली पुरुषाला हबिब्ती म्हणून बसतात आणि समोरचा ओठ दाबून हसतो.

याच नियमाने कुवेतच्या त्या निरोपाकडे पाहा. Shukran habibi यातून एवढं कळतं की ज्याला लिहिलं तो पुरुष आहे. लिहिणारा पुरुष की बाई, हे त्या शब्दातून कळत नाही. व्याकरणाची साक्ष इथवरच. म्हणून त्या मुलाने अम्मीला व्याकरण सांगून वेळ घालवला नाही. त्याने त्याच माणसाचा आदल्या दिवशीचा आवाजी निरोप सर्वांसमोर लावला. जाड, खोकत बोलणारा एक इजिप्शियन स्टोअरकीपर पाइपांच्या मापांबद्दल काहीतरी विचारत होता आणि तेवढ्यात तीन वेळा ‘हबीबी’ म्हणाला. सून दारामागून बाहेर आली आणि तिने कप उचलले.

पण मग एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला इतक्या सहज ‘माझ्या प्रिया’ कसा म्हणतो, हा प्रश्न सासूबाईंच्या चेहऱ्यावर राहिलाच होता. मराठीत तसं भाषांतर केलं तर विचित्रच वाटेल. अरबांत पुरुषाने पुरुषाविषयीचं प्रेम बोलून दाखवणं लाजिरवाणं मानत नाहीत, आणि ही रीत आजची नाही. प्रेषितांनी (सल्ल.) मुआज बिन जबल (रजि.) यांचा हात धरून, अल्लाहची शपथ घेऊन, आपलं त्यांच्यावर प्रेम असल्याचं सांगितलं होतं. उसामा बिन जैद (रजि.) यांना लोक ‘हिब्ब’ म्हणजे प्रेषितांचे लाडके म्हणूनच ओळखत. हिब्ब आणि हबीब एकाच मुळाचे. आपल्या भावावर अल्लाहसाठी प्रेम असेल तर ते त्याला सांगावं, अशी शिकवणही हदीसमध्ये आली आहे. अर्थात पाइपांची मापं विचारणारा स्टोअरकीपर एवढा विचार करून बोलत नाही. त्याच्या तोंडी तो शब्द आमच्या ‘अरे बाबा’, ‘दोस्ता’, ‘भावा’ इतका घासून गुळगुळीत झाला आहे.

गुळगुळीत झालेला शब्द कुठेही चालतो असं मात्र नाही. खरी अडचण इथे सुरू होते, आणि व्याकरणाच्या चुकीपेक्षा ही चूक महाग पडते.

एक मुलगी आखातातल्या एखाद्या दवाखान्यात रिसेप्शनवर नव्याने लागली आहे असं समजा. पहिल्याच आठवड्यात तिच्या कानावर हा शब्द शंभरदा पडतो. लेबनानी नर्स लहान मुलाला सुई टोचताना हबीबी म्हणते. तीच नर्स या मुलीलाही हबिब्ती म्हणून हाक मारते. वॉर्डबॉय एकमेकांना हबीबी म्हणतात. मुलीला वाटतं, हा इथला ‘प्लीज’ असावा. मग साठीचे एक अरब गृहस्थ फाइल घेऊन येतात आणि ती हसून म्हणते, “अह्लन हबीबी.” शब्दाचं रूप अगदी बरोबर. पण अनोळखी, वयाने मोठ्या, गैर-महरम पुरुषाला तरुण मुलीने हबीबी म्हणणं म्हणजे एक तर सलगी, नाही तर लहान पोरासारखं वागवणं. गृहस्थ भले असतील तर नजर खाली करून फाइल पुढे करतील. भले नसतील तर त्या शब्दाचा अर्थ त्यांना हवा तसा काढतील, आणि पुढचा त्रास मुलीला.

तिने काय म्हणायला हवं होतं? वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अम्मी’. वाचून दचकू नका. अरबीतला ‘अम्म’ म्हणजे चाचा, आणि तीच ‘माझा’ची ‘ई’ लागून अम्मी, माझे चाचा. आमच्या आईचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही, सुरुवातीचं अक्षरही वेगळं, घशातलं ‘ऐन’. म्हाताऱ्या बाईला ‘खालती’, म्हणजे माझी खाला. इथेही गोल ‘ते’ जागी झालेली दिसेल. शिकल्या-सवरलेल्या माणसाला ‘उस्ताज’. आणि ज्याच्या मुलाचं नाव माहीत असेल त्याला ‘अबू’ लावून त्या मुलाच्या नावाने, त्याच्या बायकोला ‘उम्म’ लावून. मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारणं ही आखातात प्रतिष्ठेची हाक आहे. अनोळखी पण बरोबरीच्या बाईला ‘उख्ती’, माझी बहीण, आणि पुरुषाला ‘अखी’, माझा भाऊ. या दोन शब्दांनी आजवर कुणाचं वाईट झालेलं आम्ही ऐकलं नाही.

पुरुषांसाठीही हद्द आहे, आणि ती वयाची आणि हुद्द्याची. हा शब्द वरून खाली सहज येतो, खालून वर जात नाही. फोरमन कामगाराला हबीबी म्हणेल. कामगाराने फोरमनला उलट हबीबी म्हणावं की नाही, हे त्यांच्या घसटीवर. इमिग्रेशनच्या काउंटरवर, पोलिसासमोर, बँकेत तर अजिबात नाही. तो अधिकारी तुम्हाला म्हणाला तरी तुम्ही नाही. मालकाने जेवायला बोलावलं, मुलांची ओळख करून दिली, दहा वर्षं सोबत काढली, मग तुम्ही त्याला ‘अबू’ अमुक म्हणायला लागलात की तोच आदर झाला. हबीबीपर्यंत जायची गरजच पडत नाही.

अरब पुरुषाच्या बायकोला किंवा मुलीला परक्या पुरुषाने हबिब्ती म्हणणं हे सांगायलाच नको. मुलगी चार-पाच वर्षांची असेल तर लाडाने चालतं. ती मोठी झाली की थांबायचं. दुकानातली मुलगी गिऱ्हाईक बाईला हबिब्ती म्हणते ते ठीक, धंद्यातलं आहे. तेच दुकानदार पुरुष म्हणाला तर अनेक अरब बायका तिथल्या तिथे त्याला गप्प करतात.

शिवाय सूर असतो. ‘शूफ, हबीबी’ म्हणजे ‘हे बघ, हबीबी’. हा शब्द वाक्याच्या तोंडी आला, त्यानंतर थोडं थांबणं झालं आणि आवाज खाली उतरला, की समजावं, पुढे प्रेम येत नाही, दम येतो. आम्हीही भांडणाच्या आधी ‘हे बघा, साहेब’ म्हणतोच की. ‘ला, हबीबी’ हे मऊ वाटतं, पण त्याचा अर्थ स्पष्ट नकार. घासाघीस तिथे थांबवायची. उलट हबीबी वाक्याच्या शेवटी, आभारामागे किंवा निरोपामागे आला तर तो बहुतेक वेळा साधा आणि प्रेमाचाच असतो, त्या स्टोअरकीपरच्या निरोपासारखा.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर रील पाहणारी मुलं आम्हाला खोटं पाडतील. अरबी गाण्यांत पुरुष गायक प्रेयसीला चक्क हबीबी म्हणतो. इजिप्तच्या अम्र दियाबचं 1996 सालचं ‘नूर अल-ऐन’ जगभर गाजलं आणि ‘हबीबी’ हा शब्द अरबी न जाणणाऱ्यांच्या ओठांवर त्याने बसवला. अरबी शायरीत माशूक बाई असली तरी तिला पुरुषवाचक रूपानेच संबोधायची जुनी चाल आहे. थोडा पडदा राहतो, आणि गाणं कुणाच्याही तोंडी बसतं. उर्दू गझलेतही माशूक ‘आता है’, ‘जाता है’ असाच असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लेबनान-सीरियाकडच्या आया मुलीलाही लाडाने हबीबी म्हणून जातात. मराठी आई नाही का मुलीला ‘बाळा’ आणि ‘राजा’ म्हणत? लाडात व्याकरण वाकतं. पण शिकणाऱ्याने आधी सरळ चालावं.

त्या दिवशी मगरिबनंतर पुन्हा चहा झाला. मदरशात जाणारी नऊ वर्षांची नात हे सगळं ऐकत होती. ती बापाला म्हणाली, “अब्बा, मला आणि अम्मीला एकदम हाक मारायची तर काय म्हणाल?”

“हबीबाती,” तो म्हणाला, आणि कान्यावर चांगला जोर दिला.

“आणि दादीला?”

सासूबाईंनी हातानेच थांबवलं. “मला ते काही नको. मला आपलं अम्मीच म्हण. तुझ्या अरबीतसुद्धा.”

अरबीत अम्मी म्हणजे चाचा, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.